शून्याचा जुना फोटो

कारखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. तिला खिडकी आहे, पण ती उघडत नाही. दाराला एकामागे एक दोन पल्ले आहेत आणि दोन्हींच्या मधे माणूस उभा राहील एवढी जागा. बाहेरचा पल्ला बंद झाल्यावरच आतला उघडायचा, अशी पाटी लावली आहे. आत बाराही महिने वीस अंश, मोजायचं लोखंड फुगू-आकसू नये म्हणून. बाहेर ऊन असो, गारठा असो, आतल्या बाईच्या अंगावर राखाडी शाल असतेच. या खोलीला सगळे मापघर म्हणतात, आणि त्या बाईला, तिच्यामागे, भिंगताई.

भिंगताईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक भिंग असतं. मंगळसूत्राच्या जागी भिंग, असं कुणीतरी एकदा कँटीनमधे म्हणालं होतं. ते तिच्या कानावर आलं. तिने राग धरला नाही. उलट त्या दिवसापासून भिंग शालीच्या आत न ठेवता बाहेर ठेवायला लागली.

बावन्न वर्षांची. लग्न राहून गेलं. वडील गेले, मग आईचं दुखणं काढण्यात अकरा वर्षं गेली, मग आईही गेली. धाकटी बहीण दूरच्या शहरात असते. दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी तेच विचारते.

"ताई, जेवलीस का?"

"जेवले."

"काय केलं होतंस?"

"भात."

"नुसता भात?"

"भाताबरोबर जे असतं ते."

मग धाकटी हसते, घरातलं कुणीतरी तिला हाक मारतं, आणि फोन संपतो. एकदा भिंगताईने घड्याळात बघितलं होतं. चार मिनिटं आणि काही सेकंद. माप घ्यायची सवय, दुसरं काय.

पूर्वी मापघरात नग हातात यायचे. गरम असले तर ट्रेमधे ठेवून निववायचे, मग मोजायचे. आणणारा माणूस तेवढा वेळ स्टुलावर बसायचा, चार गोष्टी सांगायचा. नंतर कंपनीने लांब, तीन तासांच्या अंतरावर, दुसरं युनिट काढलं. तिथे छोट्या पिना बनतात, पंपात बसणाऱ्या. पहिल्यांदा तिथला मोजणारा माणूस आकडे कागदावर लिहून पाठवायचा. ते आकडे मनाचे आहेत असा बोभाटा झाला. म्हणून साहेबांनी नियम काढला. आकडा कुणी लिहायचा नाही. स्क्रूगेजचा फोटो काढायचा, कंपनीच्या फोनवरून मापघराला पाठवायचा, आणि वाचायचं काम भिंगताईने करायचं. दर लॉटमधून दहा पिना. आणि त्या दहांच्या आधी एक फोटो बंद गेजचा, शून्याचा. शिवाय दर लॉटमधल्या दोन पिना आठवड्याच्या गाडीने मापघरात येऊन डबीत पडायच्या, पुढेमागे लागल्या तर असाव्यात म्हणून.

स्टूल रिकामं पडलं. भिंगताईने त्यावर कुंडी ठेवली. वीस अंशांत आणि ट्यूबलाइटखाली ते झाड जगलं नाही. कुंडी राहिली.

आता हे वाचायचं काम म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. स्क्रूगेजला एक स्थिर नळी असते आणि तिच्यावर फिरणारी दुसरी. स्थिर नळीवर एक आडवी रेष, तिच्या वर मिलिमीटरच्या खुणा, खाली अर्ध्या मिलिमीटरच्या. फिरणारी नळी एक फेरा फिरली की अर्धा मिलिमीटर सरकते, आणि तिच्या कडेला पन्नास घरं आखलेली असतात. अर्ध्याचे पन्नास भाग केले की एक भाग मिलिमीटरचा शंभरावा. हे त्या गेजचं लघुतम माप. याच्याखाली त्याला दिसत नाही. भिंगताई म्हणायची, आपल्यालाही कुठे दिसतं.

फोटोवरून वाचताना तीन ठिकाणी माणूस फसतो. एक, अर्ध्याची खूण उघडी पडलेली असते आणि ती ध्यानात येत नाही. सात पूर्णांक ऐंशीची पिन सात पूर्णांक तीस होते. दोन, फोटो समोरून काढलेला नसतो. कॅमेरा जरा वरून धरला की रेषेसमोर पुढचं घर आल्यासारखं दिसतं. आणि तीन, शून्य. गेज पूर्ण बंद केल्यावर आडव्या रेषेसमोर शून्य यायला हवं. बहुतेक गेजांचं येत नाही. शून्याच्या जागी एक आला तर गेज एक घर जास्त दाखवतो, म्हणून प्रत्येक मापातून एक शतांश वजा करायचा. सत्तेचाळीस आला तर गेज शून्य ओलांडून तीन घरं मागे गेलेला, म्हणजे कमी दाखवणारा. मग तीन शतांश मिळवायचे. जास्त दाखवणाऱ्यातून काढायचं, कमी दाखवणाऱ्यात घालायचं. एवढं साधं. आणि तरी याच ठिकाणी शिकलेली माणसं पालथी पडलेली तिने पाहिली होती.

लांबच्या युनिटचा गेज जुना होता. त्याचा शून्याचा फोटो रोज एकच सांगायचा: एक घर पुढे. भिंगताई रोज लिहायची, शून्य त्रुटी अधिक एक शतांश. पिनेला सूट होती सात पूर्णांक ब्याऐंशीपासून चौऱ्याऐंशीपर्यंत. गेज दाखवायचा चौऱ्याऐंशी, एक वजा, त्र्याऐंशी. मधोमध. रोज.

आणि रोज त्या प्रत्येक फोटोत एक अंगठा असायचा.

गेज धरणाऱ्याचा उजवा अंगठा, फिरत्या नळीच्या जवळ, अर्धा फोटोत, अर्धा बाहेर. रुंद, बुटका, पेरावर जुनी आडवी चीर. माणूस कधी दिसला नाही. नाव ठाऊक नाही, वय ठाऊक नाही. पण अंगठा तिच्या इतका ओळखीचा झाला की रस्त्याने जाताना बसच्या दांड्यावर, दुकानाच्या काउंटरवर ती लोकांचे अंगठे बघायची. तसा दुसरा सापडला नाही. कधी त्या अंगठ्यावर तेल असायचं, कधी चिकटपट्टी. एकदा शाईचा ठिपका होता आणि भिंगताई दिवसभर विचार करत राहिली, याने काय लिहिलं असेल. मग एकदा नखाच्या मुळाशी काळाठिक्कर डाग आला. दारात सापडला असेल नाहीतर हातोडी बसली असेल. त्या दिवशीचे दहाही फोटो जरा हललेले होते. तिने पुन्हा मागवले नाहीत. भिंग लावून, डोळे ताणून वाचून काढले.

हे सगळं तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात.

मग तो मंगळवार आला. सकाळी लॉट आला, अकरा फोटो. पहिला शून्याचा, एक घर पुढे. नंतर पिना. सात, अर्ध्याची खूण उघडी, आणि तीसचं घर. सात पूर्णांक ऐंशी. एक वजा, एकोणऐंशी. दुसरी तीस. तिसरी एकोणतीस. मग एकतीस, मग पुन्हा तीस. दहाच्या दहा बारीक. जाड पिन पुन्हा घासता येते. बारीक झालेल्या पिनेला काही करता येत नाही. दोनशे चाळीस पिनांचा लॉट होता.

तिने दोनदा वाचलं आणि कळवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब स्वतः आले. दोन्ही पल्ले एकदम उघडून आले, नेहमीसारखे.

"ताई, नक्की ना?"

"फोटो सांगतात ते मी सांगते."

"तिकडचा टर्नर फोनवर माझं डोकं खातोय. म्हणतो माझ्या बाकड्यावरच्या गेजवर पिना बरोबर आहेत."

"मग त्याचा गेज बघा."

"त्याच्यावर कसला विश्वास. आपली पिन आपल्याला बरीच वाटणार." साहेबांनी टेबलावर कागद ठेवला. "लॉट भंगारात. टर्नरला उद्यापासून घरी बसवतो, मागेही त्याच्याकडून एकदा झालंय. सही करा. चारपर्यंत पाठवायचंय."

"ठेवा. करते."

साहेब गेले. सव्वादोन वाजले होते. भिंगताईने पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

पिना कातणारा हा टर्नरही तिने कधी पाहिला नव्हता. पण त्याच्या पिना ती दीड वर्ष वाचत होती आणि तो इकडेतिकडे होणारा माणूस नव्हता. हत्यार झिजलं तर पिना हळूहळू जाड होत जातात. एका रात्रीत दहाच्या दहा सारख्याच बारीक झाल्या, तर सेटिंग चुकलं असेल. किंवा मोजणारं चुकलं असेल. पण मोजणारं तर शून्यावर एक घर पुढे, रोजच्यासारखं. तो फोटो समोरच होता.

तिने तो पुन्हा उघडला. पडदाभर मोठा केला. रेष, एकचं घर, अंगठा. मग तिसऱ्या पिनेचा फोटो शेजारी ठेवला. रेष, एकोणतीसचं घर, अंगठा.

मग तिने भिंग लावलं.

पिनेच्या फोटोतला काळा डाग नखाच्या मुळापासून सुटून वर आला होता. खाली कोरं, गुलाबी नख दिसत होतं. शून्याच्या फोटोत तोच डाग मुळाला चिकटलेला. दोन फोटो एकाच सकाळचे म्हणून आले होते. नख एका सकाळी एवढं वाढत नाही.

तिने सवयीने मापही घेतलं. फोटोत अंगठ्याशेजारीच स्थिर नळीवरच्या मिलिमीटरच्या खुणा होत्या. डागाखालचं कोरं नख जवळजवळ तीन खुणांएवढं होतं. नख महिन्याला साधारण तेवढंच सरकतं. म्हणजे हा शून्याचा फोटो महिन्याभरापूर्वीचा.

मग तिने एकेक दिवस मागे जायला सुरुवात केली. कालचा शून्याचा फोटो. तोच. परवाचा, तोच. कोपऱ्यातला प्रकाशाचा तोच तिरपा पट्टा, एकच्या घराजवळ तोच तेलाचा थेंब. कामाचे सव्वीस दिवस मागे गेल्यावर तो फोटो पहिल्यांदा आलेला सापडला. त्याच्या आधीचे मात्र रोज वेगळे होते.

सव्वीस दिवस. आणि सव्वीस दिवस तिने त्याच्यासमोर लिहिलं होतं, शून्य त्रुटी अधिक एक शतांश, आणि खाली सही. तिने फोटो उघडला होता, पण बघितला नव्हता. एकच आहे हे ठाऊक होतं, म्हणून एकच दिसला. अंगठ्याकडे तेवढं बघत बसली, आणि तोही पिनांच्या फोटोंत.

भिंगताईला घाम येण्यासारखी ती खोली नव्हती. तरी तिने शाल काढून ठेवली.

गप्प राहिलं तर टर्नर जातो. बोललं तर अंगठा जातो. आणि बोललं तर तिच्या स्वतःच्या सव्वीस सह्याही उघड्यावर येतात. तीन वाजायला आले होते. दीड वर्षात जो नंबर नुसता पडद्यावर बघितला होता, तो तिने फिरवला.

"हॅलो," पलीकडून म्हातारा आवाज आला. मागे मशिनांची घरघर.

"मापघरातून बोलतेय."

"कुठलं मापघर?"

"तुमचे फोटो येतात ते."

घरघर जरा लांब गेली, तो बाजूला आला असावा. मग तो माणूस म्हणाला, "तिथे माणूस असतं?"

"असतं," ती म्हणाली.

"मला वाटलं मशीन वाचतं. पोरं म्हणाली होती, आता सगळं मशीनच वाचतं."

"शून्याचा फोटो आजचा आहे का?"

"रोजचाच आहे," तो म्हणाला.

"दादा, तो महिन्याभरापूर्वीचा आहे. तुमच्या नखावरून कळतंय."

"नखावरून," तो म्हणाला. आवाजात भीती होती, पण त्याहून जास्त नवल. "बाई, तुम्ही माझं नख बघता?"

"फोटोत असतं म्हणून दिसतं."

"हां," तो म्हणाला. "वीस वर्षं हा गेज माझ्या हातात आहे. वीस वर्षं एक घर पुढे. रोज तेच, रोज तेच. म्हटलं मशिनला काय, जुना फोटोही चालेल. माणूस बघतंय हे ठाऊक असतं तर रोज नवा काढला असता."

"काल-परवा गेज पडला होता का?"

"काल संध्याकाळी. टेबलावरून. उचलला, पुसला, फिरतोय म्हणून ठेवून दिला." मग त्यालाच कळलं. "टर्नरच्या पिना..."

"आत्ता शून्य घ्या. तोंडं कागदाने पुसा. मागच्या रॅचेटने बंद करा, तीनदा टकटक होऊ दे. फोटो समोरून काढा, वरून नको. तुम्ही उभ्याने काढता, त्याने चूक येते. बसून काढा."

"उभ्याने काढतो हेही दिसतं?"

"दिसतं."

चार मिनिटांनी फोटो आला. कोरा, नवा. डाग वर सरकलेला. आडव्या रेषेसमोर सत्तेचाळीस.

पडल्यावर गेजची चौकट ताणली गेली होती. बंद होताना तो आता शून्य ओलांडून तीन घरं मागे जात होता. वजा करायचं नव्हतंच, मिळवायचं होतं. ऐंशी अधिक तीन, त्र्याऐंशी. एकोणऐंशी अधिक तीन, ब्याऐंशी. एक्क्याऐंशी अधिक तीन, चौऱ्याऐंशी. दहाच्या दहा पिना सुटीच्या आत. टर्नरचा हात जिथल्या तिथे होता.

तिने पुन्हा फोन केला नाही. डबी काढली. आधीच्या चार आठवड्यांच्या पिना त्यात होत्या. त्या स्वतःच्या गेजने एकेक मोजल्या. सगळ्या बरोबर होत्या. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत गेज एक घर पुढेच होता, आणि जुन्या फोटोने कुणाचं नुकसान केलं नव्हतं. हे तिने नशीब म्हणून लिहिलं नाही, तपासून लिहिलं. साहेबांच्या कागदावर सही न करता दुसरा कागद घेतला. गेज पडला. शून्याचा फोटो सव्वीस दिवस तोच होता. पाठवणाऱ्याने बदलला नाही, वाचणारीने ओळखला नाही. वाचणारीपुढे तिने स्वतःचं नाव घातलं. लॉट चांगला.

साहेबांनी उभ्याने वाचलं. "ही वाचणारीची ओळ लिहायची काय गरज होती?"

"खरी आहे."

"तुमच्यावर येईल हे."

"आलंच आहे."

साहेबांनी डोकं खाजवलं. वाईट माणूस नव्हता, फक्त दारं एकदम उघडायची सवय. "त्या मोजणाऱ्याला काढत नाही. दोन-तीन वर्षं राहिलीत त्याच्या नोकरीची, पॅकिंगला बसवतो. पण हे फोटोबिटो बंद करू ताई. वायरवाले गेज मागवतो. आकडा थेट इकडच्या पडद्यावर. माणसाच्या हातात ठेवायलाच नको."

"माणसाच्या हातातच असतो गेज," भिंगताई म्हणाली. पण साहेब दोन पल्ल्यांच्या मधे पोचले होते.

नवे गेज यायला चार महिने गेले. तोवर मोजायला तोच राहिला. या चार महिन्यांत रोज सकाळी शून्याचा नवा फोटो येत राहिला. समोरून काढलेला, बसून काढलेला, तोंडं पुसलेला. वर तारीख लिहिलेली चिठ्ठी अंगठ्याखाली धरलेली. तिने चिठ्ठी मागितली नव्हती. रोज सत्तेचाळीस. भिंगताई रोज पूर्ण फोटो बघायची, मग लिहायची, शून्य त्रुटी उणे तीन शतांश. डाग नखावर चढत गेला. फोन कुणीच कुणाला केला नाही. काय बोलणार. एका रविवारी धाकटीने विचारलं, "ताई, आवाज बरा वाटतोय आज?" ती म्हणाली, "भातच केला होता."

शेवटच्या दिवशी शून्याच्या फोटोत डाग नखाच्या अगदी कडेला आला होता. एकदा नख कापलं की गेला. उद्यापासून आकडे पडद्यावर आपोआप येणार होते.

पाचला दहा मिनिटं कमी असताना भिंगताईने एक गोष्ट केली, जी नियमात नव्हती. स्वतःचा गेज काढला, बंद केला, तीन टकटक. डाव्या हाताने फोन धरून फोटो काढला. त्यात तिचा अंगठा आला. तिला तो स्वतःचा वाटला नाही, कुणा वयस्कर बाईचा वाटला. तरी पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. जवळजवळ दोन वर्षांत त्या नंबरावरून आलेली पहिली अक्षरं.

"अधिक एक शतांश. बाई, तोंडात शालीचा दोरा अडकलाय. पुसा."

तिने भिंग लावून बघितलं. गेजच्या दोन तोंडांमधे राखाडी लोकरीचा एक तंतू होता, केसाहून बारीक. तो तिला दिसला नव्हता.

तिने गेज उघडला, कागदाने पुसला, पुन्हा बंद केला. टक, टक, टक. रेषेसमोर शून्य. फोटो काढला आणि पाठवला. त्याच्यासमोर वाचल्याची खूण उमटली नाही. तिने घड्याळ बघितलं. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. कंपनीचे फोन पाचला ऑफिसात जमा करायचे होते, हे तिला सकाळीच कळवलेलं होतं.

तिने वही उघडली, त्या दिवसाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं: मापघराचा गेज, शून्य त्रुटी नाही. मग शाल अंगावरून काढून, झटकून, दाराबाहेरच्या खिळ्याला टांगली. आतला पल्ला लावला, आणि नंतर बाहेरचा.